सात ‘कारण’ आणि एक ‘म्हणून’

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, सोळाव्या वचनापासून विसाव्यापर्यंत, पौलाने सात वेळा कारण दिले आहे. वचने पाच, कारणे सात. मूळ ग्रीकमध्ये त्यांतल्या सहा ठिकाणी ‘गार’ हे दोन-तीन अक्षरांचे अव्यय आहे आणि एका ठिकाणी ‘दिओटि’. धाराशिवातल्या एका ताईंनी रविवारच्या वर्गासाठी हा उतारा मराठीत उतरवला. त्या पुण्यात ग्रीक शिकलेल्या. सातही ठिकाणी त्यांनी इमानाने ‘कारण’ लिहिले आणि मराठी तपासून घ्यायला कागद आपल्या शाळेतल्या जुन्या गुरुजींकडे नेला. गुरुजी तेरचे, वारकरी, आयुष्यभर मराठी आणि संस्कृत शिकवलेले. त्यांनी लाल शाईने सहा ‘कारण’ खोडले आणि एक ठेवले.

त्यावरून दोघांत जे बोलणे झाले, ते इथे देतो आहे. मी ऐकणारा होतो. मधे कुठे माझे मत आले आहे, ते वेगळे ओळखू येईल.

ताई : गुरुजी, तुम्ही व्याकरण सुधारलंत ते मान्य. पण हे सहा शब्द तुम्ही काढलेत, त्यांत पौलाचा सगळा युक्तिवाद होता.

गुरुजी : अगं, वाचून बघ मोठ्यानं. ‘कारण मला लाज वाटत नाही, कारण ती शक्ती आहे, कारण तिच्यात प्रकट होतं, कारण क्रोध प्रकट होतो...’ मराठी माणूस असं बोलतो का? तिसऱ्या ‘कारण’ला ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. तू शब्द राखलास आणि माणूस घालवलास.

ताई : शब्द टोचतो हे कबूल. पण तिथं सांधा आहे हे तरी दिसायला नको? तुम्ही खोडल्यावर काय उरलं ते वाचा. मी सुवार्ता सांगायला उत्सुक आहे. मला तिची लाज नाही. ती देवाचं सामर्थ्य आहे. तिच्यात देवाचं नीतिमत्त्व प्रकट होतं. स्वर्गातून देवाचा क्रोध प्रकट होतो. ही पाच सुटी विधानं झाली. पौल विधानं करत नाहीये, कारणं देतोय.

गुरुजी : प्रत्येक भाषेला सांधा दाखवायची आपली रीत असते. आपल्या तेरचं नाव ज्या ग्रीक पुस्तकात आलंय, ते ‘पेरिप्लस’ घे. पहिल्या शतकातलं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे, तिथून साधं कापड, मलमल वगैरे माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येतो, असं त्यात आहे. संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ते सांगतो. त्या पुस्तकाच्या ग्रीकमध्येही अशी अव्ययं खच्चून भरलेली असणार. भाषांतर करणाऱ्यांनी ती सगळी उतरवली असती तर व्यापाऱ्याची वही वाचवली नसती.

ताई : बरं झालं तुम्हीच ते काढलंत. पेरिप्लस लिहिणारा आणि पौल साधारण एकाच शतकातले, दोघांची ग्रीक एकाच घराण्यातली, बाजारात आणि पत्रव्यवहारात चालणारी. पण त्या व्यापाऱ्याचं मुख्य अव्यय ‘दे’ आहे. भडोचपासून इतके दिवस पैठण, तिथून ‘दे’ इतके दिवस तगर, त्यानंतर ‘दे’ अमुक बंदर. ‘दे’ म्हणजे पुढचं पाऊल. आधीच्या गोष्टीहून वेगळी अशी पुढची गोष्ट आली, एवढंच ते सांगतं. ते तुम्ही खुशाल गाळा. मराठीत ‘पुढे’, ‘मग’ किंवा नुसता पूर्णविराम पुरतो. पौलाच्या त्या पाच वचनांतले सांधे ‘दे’चे नाहीत, ‘गार’चे आहेत. ‘गार’ वाचणाऱ्याला पुढे नेत नाही, थांबवून मागं बघायला लावतं. आत्ता जे म्हटलं ते कशावरून, हे पुढचं वाक्य सांगणार, अशी ती खूण आहे. तगरचा रस्ता सांगणाऱ्याला त्याची गरज क्वचित पडते. रोममधल्या अनोळखी मंडळींना आपलं म्हणणं पटवून देणाऱ्याला पावलोपावली पडते.

गुरुजी : म्हणजे दोन्ही अव्ययंच, पण कामं वेगळी.

ताई : हो, आणि दोन्ही वाक्यात पहिली येत नाहीत. पहिला शब्द होऊन गेला की दुसऱ्या जागी बसतात.

गुरुजी : आपल्या ‘हि’ आणि ‘तु’सारखं! गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, जन्मलेल्याला मरण ठरलेलं आहे हे सांगताना ‘हि’ दुसऱ्या जागी बसलाय, आणि त्याच श्लोकाची दुसरी ओळ ‘तस्मात्’ने सुरू होते. आधी कारण, मग ‘म्हणून शोक करू नकोस’.

ताई : तेच तर. ‘हि’च्या जागी ‘गार’ ठेवा. ‘तस्मात्’च्या जागी ‘ऊन’ किंवा ‘दिओ’ ठेवा. पौलाची निम्मी वाक्यरचना तुम्हाला आत्ताच कळली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बोलण्याच्या ओघात ती राहून गेली. पौलाच्या काळच्या लिखाणात शब्दांमध्ये मोकळी जागा नसे, विरामचिन्हे जवळजवळ नसत, परिच्छेद नसत. सगळी अक्षरे एकाला एक लागून. वाक्य कुठे संपले आणि नवे कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याला बऱ्याच अंशी ह्या अव्ययांवरून कळे. आज जे काम पूर्णविराम, नवा परिच्छेद आणि उपशीर्षक करते, ते तेव्हा ‘दे’, ‘गार’, ‘ऊन’ करत. त्यामुळे छापील भाषांतरात एखादे ‘गार’ गाळून त्या जागी उपशीर्षक घातले, तर एक सांधा काढून त्याच जागी भिंत उभी केल्यासारखे होते. अठराव्या वचनाच्या बाबतीत अनेक भाषांतरांनी नेमके हेच केले आहे. त्यावर हे दोघे लवकरच येतील.

गुरुजी : बरं, मग आपण एकेक सांधा तपासू. मी मुलांना वाक्यपृथक्करण शिकवायचो तेव्हा एक युक्ती सांगायचो. पहिल्या वाक्याला ‘का?’ विचारा. दुसरं वाक्य उत्तर देतंय का बघा. मग उलट्या बाजूनं या, मधे ‘म्हणून’ घाला. दोन्ही बाजूंनी वाचता आलं तर सांधा पक्का.

ताई : चला करू. पंधराव्या वचनात पौल म्हणतो, रोममधल्या तुम्हालाही सुवार्ता सांगायला मी उत्सुक आहे.

गुरुजी : का?

ताई : मला तिची लाज वाटत नाही.

गुरुजी : का लाज वाटत नाही?

ताई : ती विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला तारणारं देवाचं सामर्थ्य आहे, आधी यहुद्याला आणि मग ग्रीकालाही.

गुरुजी : ती सामर्थ्य कशानं?

ताई : तिच्यात देवाचं नीतिमत्त्व प्रकट होतं, विश्वासानं.

गुरुजी : आता उलटं. नीतिमत्त्व प्रकट होतं, म्हणून ती सामर्थ्य. सामर्थ्य आहे, म्हणून लाज नाही. लाज नाही, म्हणून सांगायला उत्सुक. बसतंय की सगळं. पक्कं आहे. मग हे बघ, मराठीत असं लिही : ‘सुवार्ता सांगायला मी उत्सुक आहे. तिची मला लाज कसली? ती तर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला तारणारं देवाचं सामर्थ्य आहे, कारण तिच्यातच देवाचं नीतिमत्त्व प्रकट होतं.’ तुझी तीन ‘कारण’ होती. पहिलं ‘कसली’मध्ये गेलं, दुसरं ‘तर’मध्ये, तिसरं राहिलं. सांधे तीनही शाबूत.

ताई : ‘लाज कसली’ म्हटल्यावर पुढं कारण येणार हे ऐकणाऱ्याला कळतंच. आणि ‘तर’ दुसऱ्या जागी बसलाय, अगदी ‘गार’सारखा. हे मला सुचलं नसतं.

गुरुजी : तुला सुचलं नाही कारण तू शब्दाला शब्द शोधत होतीस. मराठीत कारण ‘की’नं सांगता येतं, ‘ना’नं सांगता येतं, ‘च’नं सांगता येतं, नुसत्या प्रश्नानं सांगता येतं. ज्ञानेश्वरीत ‘म्हणौनि’ किती वेळा येतं ते मोजत बसू नकोस, पण ते कुठं येतं ते बघ. लांब दृष्टान्त संपला की निष्कर्षाला येतं. कारणं बहुतेक दृष्टान्तातच मुरलेली असतात, निष्कर्ष तेवढा उघड सांगतात. पौल उलटा चालतो. निष्कर्ष आधी फेकतो आणि मग मागून कारणं आणत राहतो.

ताई : म्हणूनच त्याला ‘गार’ इतकं लागतं. रोमकरांस पत्र एवढंसं, त्यात ते एकशे चाळीसहून जास्त वेळा आलंय. बरं, आता अठरावं वचन. इथं तुम्ही ‘कारण’ खोडलंत आणि वर नवा परिच्छेद अशी खूणही केलीत.

गुरुजी : केलीच. विषय बदललाय. सतराव्यात नीतिमत्त्व प्रकट होतं, अठराव्यात क्रोध प्रकट होतो. एक गोड, एक कडू. मधे ‘कारण’ कसं येईल? ‘का’ विचारून बघ. देवाचं नीतिमत्त्व विश्वासानं का प्रकट होतं? तर देवाचा क्रोध प्रकट होतो म्हणून? उलटं वाचलं तर आणखी अडखळतं. माझ्या कसोटीला हा सांधा उतरत नाही.

ताई : लगेच पुढच्या वाक्यापुरता बघितला तर नाहीच उतरत. पण हा सांधा लहान नाही. आधी पुढचे बघू. अठरा : सत्य दाबून टाकणाऱ्या माणसांवर क्रोध प्रकट होतो.

गुरुजी : त्यांनी सत्य दाबलं हे कशावरून? सत्य ठाऊक असल्याशिवाय दाबणार कसं?

ताई : तोच प्रश्न पौलानं ओळखलाय. एकोणीस, ‘दिओटि’ : देवाविषयी जे कळण्यासारखं आहे ते त्यांना उघड आहे. का? ‘गार’ : देवानंच ते उघड केलं. कसं? वीस, ‘गार’ : त्याचं न दिसणारं सामर्थ्य सृष्टीच्या निर्मितीपासून केलेल्या वस्तूंवरून कळून येतं. आणि शेवटी, त्यामुळे त्यांना सबब नाही.

गुरुजी : हे बसतं. उलटंही बसतं. दिसतं म्हणून कळलेलं, कळलेलं म्हणून दाबलेलं, दाबलं म्हणून क्रोध. एकामागं एक.

ताई : हे तीन लहान सांधे झाले, प्रत्येकाच्या पोटात एक वाक्य. अठराव्याची ‘गार’ मोठी आहे. सतराव्यात पौलानं म्हटलं की देवापुढं नीतिमान ठरायची वाट विश्वासाची. त्याला ‘का?’ विचारा. दुसरी वाट का नाही? उत्तर एका वाक्यात मिळत नाही. अठराव्यापासून तिसऱ्या अध्यायाच्या विसाव्या वचनापर्यंत उत्तर चाललंय. मूर्ती पूजणारे परराष्ट्रीय सुटले नाहीत, नियमशास्त्र मिरवणारे यहुदी सुटले नाहीत, कुणीच आपल्या कृत्यांनी नीतिमान ठरत नाही. आणि तिसऱ्याच्या एकविसाव्यात ‘पण आता’ म्हणून तो नीतिमत्त्वावर परत येतो. तिथं ‘दे’ आहे, विरोध दाखवणारं. अठराव्यातल्या ‘गार’नं जो कंस उघडला, तो तिसऱ्या अध्यायातल्या त्या ‘दे’नं बंद होतो.

गुरुजी : म्हणजे एका ‘गार’च्या पोटात दोन-अडीच अध्याय.

ताई : हो. आणि तुम्ही तिथं भिंत घातलीत तर काय होतं? वाचणारा समजतो की सुवार्तेचा विषय संपला, आता देव रागावला आहे हा वेगळा विषय. क्रोधाची ती पानं सुटी काढून लोकांना धाक घालायला वापरली जातात. पौलाच्या मांडणीत क्रोध हे सतराव्या वचनाचं कारण आहे. त्याला स्वतंत्र उभं करायचं नाही.

गुरुजी : हे मला पटतंय, पण सगळं नाही. एवढी मोठी ‘गार’ खरोखर कारणच सांगते का? माणूस बोलता बोलता नुसतं पुढं जायलाही ‘कारण बघा’ म्हणतो.

ताई : अभ्यासकही तसं म्हणणारे आहेत. ‘गार’ नेहमी सरळ ‘कारण’ नसतं, हे खरंच. पिलाताची गोष्ट घ्या. लोक ओरडतात, याला क्रुसावर द्या. पिलात विचारतो, यानं वाईट काय केलंय? मत्तयाच्या ग्रीकमध्ये त्या प्रश्नात ‘गार’ आहे. आता ‘कारण त्याने काय वाईट केले?’ असं कोणी लिहील का?

गुरुजी : छे! ‘का म्हणून? केलंय तरी काय यानं?’ असं होईल.

ताई : बरोबर. तिथं ‘गार’ न बोललेल्या वाक्याला कारण देतं. ‘मी का देऊ?’ हे पिलातानं मनात ठेवलंय आणि प्रश्न त्याच्या पाठीला लावलाय. म्हणून मी म्हणते, ‘गार’ दिसलं की कारण द्यायचा प्रयत्न चाललाय एवढं धरायचं. कशाचं कारण, आधीच्या वाक्याचं, आधीच्या परिच्छेदाचं की न बोललेल्याचं, ते मजकुरावरून शोधायचं. अव्यय दार दाखवतं, आत काय आहे ते नाही सांगत.

या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूचा आहे, आणि गुरुजींची शंका तिला बळकटी देते असेच मला वाटते. चुका दोन बाजूंनी होतात. एक बाजू अव्ययाला किरकोळ समजून गाळते. दुसरी बाजू कोशात ‘गार म्हणजे कारण’ असे वाचून प्रत्येक ठिकाणी ते ठोकून बसवते आणि त्यावर सिद्धान्त उभे करते. दुसरी चूक ओळखायची खूण गुरुजींनीच दिली : ‘म्हणून’ घालून उलटे वाचायचे. अडले, तर कारण नाही असे नव्हे. कारण दुसरीकडे कुठेतरी आहे.

गुरुजी : आता मला एक विचारू दे. तुमच्या लूकमध्ये ती बाई येते ना, अत्तर घेऊन? मागे तू एकदा नाताळात वाचली होतीस. मला तिथं ‘कारण’ खटकलं होतं.

ताई : सातव्या अध्यायातली. शिमोन परुश्याच्या घरी. येशू म्हणतो, तिच्या पुष्कळ पापांची क्षमा झाली आहे, आणि पुढं ‘होटि’, म्हणजे ‘कारण’, तिनं पुष्कळ प्रेम केलं. या एका ‘होटि’वरून पश्चिमेकडं पंथापंथांत वाद झालेत. प्रेम केलं म्हणून क्षमा मिळाली, की क्षमा मिळाली म्हणून प्रेम केलं?

गुरुजी : अगं, हे आमच्या तर्कशास्त्रातलं अगदी जुनं आहे. हेतू दोन प्रकारचा. कारक हेतू आणि ज्ञापक हेतू. कुंभार घट करतो, तो घटाचा कारक. दिव्यानं अंधारातला घट दिसतो, तो ज्ञापक. दिव्यानं घट घडला असं कोणी म्हणत नाही. तेरमध्ये गोरोबाकाकांच्या समाधीपाशी मी हे मुलांना कितीदा सांगितलंय. मराठीतलं ‘कारण’ दोन्ही कामं करतं. ‘अंगण ओलं आहे, कारण पाऊस पडला’ हे कारक. ‘रात्री पाऊस पडलाय, कारण अंगण ओलं आहे’ हे ज्ञापक. ओल्या अंगणानं पाऊस पाडला नाही. बोलणाऱ्याला पाऊस कळला तो त्यावरून.

ताई : मग लूकमधलं कोणतं?

गुरुजी : ते तू सांग. शब्दावरून नाही कळणार.

ताई : शब्दावरून नाहीच, ‘होटि’ दोन्ही अर्थांनी चालतं. पण त्याच्या आधी गोष्ट आहे. एका सावकाराचे दोन ऋणकरी. एकाकडं पाचशे दिनार, एकाकडं पन्नास. दोघांनाही सोडलं. जास्त प्रेम कोण करील? शिमोन म्हणतो, ज्याला जास्त सोडलं तो. गोष्टीत सूट आधी, प्रेम मागून. आणि त्या वचनाचा उत्तरार्धही तसाच आहे : ज्याला थोडी क्षमा होते तो थोडं प्रेम करतो. तिथंही क्षमा आधी. म्हणजे मधलं ‘कारण’ ज्ञापकच ठरतं. तिचं एवढं प्रेम दिसतंय, त्यावरून तिला किती क्षमा झाली ते कळतं.

गुरुजी : आणि कारक धरलं तर?

ताई : तर गोष्टीशी जुळत नाही. प्रेमानं क्षमा विकत घेतल्यासारखं होतं. काही भाषांतरं म्हणून ‘यावरून दिसते की’ असं स्पष्टच लिहितात. मीही माझ्या पाठात तसंच लिहिलंय.

गुरुजी : काढ ते.

ताई : आता तुम्ही ‘कारण’ ठेवा म्हणताय?

गुरुजी : हो, कारण इथं मूळ शब्द दोन्हीकडं जातो आणि आपला ‘कारण’ही दोन्हीकडं जातो. आणि निर्णय गोष्टीनं करायचाय, तो वाचणाऱ्याला करू दे. तू ‘यावरून दिसते’ लिहिलंस की त्याला गोष्ट वाचायचं काम उरत नाही. रोमकरांस पत्रात मी ‘कारण’ खोडले, कारण तिथं सांधा दाखवायला मराठीत दुसरे उपाय होते. इथं दुसरा उपाय घेतला तर अर्थ एका बाजूला झुकतो. झुकवायचं काम प्रवचनात कर. पाठात नको.

ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटते त्या दिवशीच्या बोलण्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट गुरुजींनी इथे सांगितली. अव्ययाचे भाषांतर करताना त्याचा नेमकेपणा जपायचा असतो, तसाच त्याचा मोघमपणाही. जे ग्रीकने उघडे ठेवले ते मराठीने बंद करू नये.

ताई : पंडिता रमाबाईंपुढं हे सगळं आलं असेल. केडगावला बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून पुरं बायबल मराठीत केलं. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ते छापून पुरं झालं १९२४ मध्ये. संस्कृतवर त्यांचा लहानपणापासूनचा हात. ‘हि’ आणि ‘तस्मात्’ ज्यांच्या कानात होते, त्यांना ‘गार’ आणि ‘ऊन’ परके वाटले नसणार.

गुरुजी : त्याच्याही आधी सेरामपूरचं होतं ना, केरीचं?

ताई : १८११ चा नवा करार. पण ते फार लांब जाईल. मला एक वेगळंच सांगायचंय. हे सांधे नक्कल करणाऱ्यांनाही जाणवत होते. गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात अकराव्या वचनात पौल म्हणतो, मी तुम्हाला कळवतो की ही सुवार्ता माणसाकडून आलेली नाही. तिथं काही हस्तलिखितांत ‘गार’ आहे, काहींत ‘दे’. इसवी सन २००च्या सुमाराचं पौलाच्या पत्रांचं एक पपायरस आहे, त्यात ‘दे’. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकनच्या प्रतीत ‘गार’. कोणीतरी एकानं बदललंय.

गुरुजी : फरक किती पडतो?

ताई : ‘दे’ असेल तर नवा मुद्दा सुरू : ‘आता तुम्हाला कळवतो.’ ‘गार’ असेल तर आधीच्या वचनाचा पुरावा : मी माणसांना खूश करायला बघत नाही, कारण माझी सुवार्ता माणसाकडून आलेलीच नाही. दहावं वचन सुटं राहणार की बाराव्या-तेराव्याशी जोडलं जाणार, ते या दोन अक्षरांवर. बाराव्यात आणि तेराव्यातही ‘गार’ आहे, म्हणून साखळी पाहून कोणी मधे ‘गार’ घातलं असेल, किंवा एका नकलाकाराला इतकी ‘गार’ जास्त वाटली आणि त्यानं एक खोडलं असेल.

गुरुजी : लाल शाईनं.

ताई : तुमच्यासारख्याच एखाद्या गुरुजींनी.

दोघेही हसले. पण गुरुजींनी त्यानंतर कागद पुढे ओढला आणि दुसऱ्या अध्यायाचे पहिले वचन काढले. तिथे ताईंनी ‘म्हणून’ लिहिले होते आणि त्यांनी तेही खोडले होते. ग्रीकमध्ये तिथे ‘दिओ’ आहे. ‘दिओ’ हे ‘ऊन’पेक्षा ठाम. आधीच्या गोष्टीवरून हे निघतेच, असे म्हणणारे.

गुरुजी : हे मी खोडलं ते चालीसाठी नाही. मला इथं तर्कच दिसत नव्हता. पहिल्या अध्यायाच्या शेवटी ‘ते’ लोक. मूर्ती पूजणारे, द्वेष करणारे, चहाड्या करणारे, आईबापांचं न ऐकणारे. लांबलचक यादी. आणि मग एकदम, म्हणून हे माणसा, दुसऱ्याला दोष देणारा तू कोणी असशील, तुला सबब नाही. पाप त्यांनी केलं, ‘म्हणून’ याला सबब नाही? दोष देणारा तर त्या यादीच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. ‘पण’ असायला हवं होतं.

ताई : कसोटी लावा. ‘का?’ विचारा.

गुरुजी : तुला सबब नाही. का?

ताई : त्याच वचनात पुढं ‘गार’ आहे, एकदा नाही, दोनदा. ज्या गोष्टीत तू दुसऱ्याला दोष देतोस तिच्यात स्वतःलाच दोषी ठरवतोस. का? दोष देणारा तू स्वतः तेच करतोस. ‘म्हणून’ आधी आलं आणि त्याचं अर्धं कारण मागून आलं.

गुरुजी : आणि उरलेलं अर्धं?

ताई : मागं जा. ‘सबब नाही’ हे कुठं वाचलं होतं?

गुरुजी : विसाव्यात. सृष्टीवरून कळत असूनही ज्यांनी दाबलं, त्यांना सबब नाही. ग्रीकमध्ये तोच शब्द?

ताई : तोच. तिथं अनेकवचनी, इथं एकवचनी. विसाव्यात सबब का नव्हती? त्यांना कळत होतं. बत्तिसाव्यात पुन्हा सांगितलं, असं करणारे मरणास योग्य आहेत हा देवाचा न्याय त्यांना ठाऊक आहे. आता जो दोष देतो, त्याला काय वाईट ते कळतं हे त्यानं स्वतःच सिद्ध केलं. दोष देणं हाच त्याला कळत असल्याचा पुरावा. तुमच्या भाषेत...

गुरुजी : ज्ञापक हेतू.

ताई : कळतं आणि तरी करतो. विसाव्यातल्या लोकांना जो नियम लागला, तोच याला. म्हणून ‘दिओ’. पौलानं मुद्दाम यादी वाढवत नेलीय. वाचणारा मनात ‘बरोबर, बरोबर’ म्हणत यावा, एकेका पापाला मान डोलवत यावा, आणि तेवढ्यात ‘म्हणून तू’. इथं ‘पण’ असतं तर वाचणारा सुटला असता. यादी त्यांची, इशारा वेगळा माझा, असं त्याला म्हणता आलं असतं. ‘म्हणून’नं त्याला त्याच यादीत बसवलं. त्यानं मान डोलवली तिथंच तो अडकला.

गुरुजींनी पहिले पान पुन्हा हातात घेतले. विसाव्या वचनातला शेवटचा शब्द आणि दुसऱ्या अध्यायातला पहिला, दोन्हींखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग बाजूला कोऱ्या जागेत पुन्हा सगळी साखळी उतरवली. अठराव्याच्या वरची परिच्छेदाची खूण पुसली, पण ‘कारण’ऐवजी तिथे ‘दुसरी वाट उरलेलीच नाही, कारण’ असे लिहिले. ताईंनी त्याला लगेच हरकत घेतली. ‘दुसरी वाट उरलेलीच नाही’ हे पौलाने तिथे लिहिलेले नाही. तो निष्कर्ष तिसऱ्या अध्यायात येतो, आधीच सांगून टाकायचा नाही. लूकच्या वेळी तुम्ही मला हेच म्हणालात. गुरुजी म्हणाले, एवढी मोठी ‘गार’ मराठी वाचकाच्या एकट्या ‘कारण’वर पेलणार नाही, त्याला थोडा आधार द्यावाच लागेल. या एका जागेवर दोघांचे जमले नाही. पाठाच्या कागदावर ती ओळ अजून दोन प्रकारे लिहिलेली आहे, एक शाईने, एक पेन्सिलीने.

दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला मात्र गुरुजींनी खोडलेल्या ‘म्हणून’च्या खाली तोच शब्द पुन्हा लिहिला आणि ताईंना म्हणाले, ‘हा वर्गात वाचताना जरा थांबून वाच. पोरांना आधी ती यादी पुरी ऐकू दे.’